मुंद्रा प्रकरण, 1957-58: सचिवाचे नाव उघड झाल्यावर मंत्र्याच्या जबाबदारीचे काय होते?

शुक्रवार, 21 जून 1957 रोजी उद्योगपती हरिदास मुंद्रा यांनी केंद्र सरकारचे मुख्य वित्त सचिव एच. एम. पटेल यांना एक पत्र लिहिले. आपल्या कंपन्या पैशाच्या अडचणीत आहेत आणि आयुर्विमा महामंडळाने त्यांचे शेअर विकत घेतले तर मार्ग निघेल, असा त्याचा आशय होता. सोमवारी, 24 जूनला सौदा झालादेखील. महामंडळाने मुंद्रांच्या ताब्यातील सहा कंपन्यांचे सुमारे 1 कोटी 24 लाख रुपयांचे शेअर घेतले. रिचर्डसन अँड क्रुडास, जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन अशी नावे त्यात होती. ज्या महामंडळाला स्थापनेच्या वेळी सरकारने 5 कोटी रुपयांचे भांडवल दिले होते, त्या महामंडळाच्या दृष्टीने ही रक्कम मोठीच होती. सगळा निर्णय शनिवार-रविवारच्या आसपास झाला. महामंडळाची गुंतवणूक समिती कायद्यानेच नेमलेली होती, पण तिला आधी विचारले गेले नाही.

घोटाळा म्हणून हे प्रकरण बहुतेकांना ठाऊक असते. राज्यव्यवस्थेच्या अभ्यासकाला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. मंत्र्याने आपल्या खात्याच्या प्रत्येक कृत्यासाठी संसदेला उत्तर द्यायचे आणि अधिकाऱ्याने पडद्याआड राहून काम करायचे, हा संसदीय पद्धतीतला जुना करार भारतात पहिल्यांदा उघड्यावर तपासला गेला तो इथे. तपासताना तो तुटला कुठे, हे पाहायचे असेल तर तारखा आणि कागद नीट लावून घ्यावे लागतात.

आधी करार काय आहे ते पाहू. सनदी अधिकारी संसदेत बसत नाही. सेवानियमांमुळे तो वृत्तपत्रात स्वतःची बाजू मांडू शकत नाही, सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू शकत नाही. सरकार बदलले की त्याच खुर्चीत बसून तो वेगळ्या धोरणाची अंमलबजावणी करतो. म्हणून सभागृहात त्याच्यावर नाव घेऊन टीका करायची नाही, असा संकेत पडला. त्याच्या गप्प राहण्याच्या मोबदल्यात मंत्री बोलतो, आणि खात्याचे यश स्वतःकडे घेणारा मंत्री अपयशही घेतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम 75(3) मध्ये मंत्रिमंडळाची लोकसभेला सामूहिक जबाबदारी लिहिलेली आहे, पण एकेका मंत्र्याच्या वैयक्तिक जबाबदारीबद्दल तिथे काही नाही. ती संकेतातून आली आहे. अधिकाऱ्याच्या बाजूचे संरक्षण मात्र लेखी आहे. कलम 311 नुसार चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही. म्हणजे कराराची एक बाजू रीतीवर उभी आहे आणि दुसरी घटनेवर. संकट आले की ही विषमता जाणवते.

मुंद्रा प्रकरणात या कराराला आणखी एक पदर होता. आयुर्विमा महामंडळ हे सरकारी खाते नव्हते. 1 सप्टेंबर 1956 रोजी कायद्याने स्थापन झालेली ती स्वायत्त संस्था होती. त्या कायद्याच्या कलम 21 मध्ये म्हटले आहे की सार्वजनिक हिताशी निगडित धोरणाच्या बाबतीत केंद्र सरकार महामंडळाला लेखी निर्देश देऊ शकते आणि महामंडळाने ते पाळावेत. यातला ‘लेखी’ हा शब्द सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. सरकारला हस्तक्षेप करायचा तर दार ठेवलेले होते. त्या दारातून गेल्यास कागदावर सही राहते, ती सही मंत्र्याच्या अधिकारात झालेली असते आणि उद्या संसदेने विचारले तर उत्तर कोणी द्यायचे याबद्दल शंका उरत नाही. जून 1957 मध्ये असा कोणताही लेखी निर्देश दिला गेला नाही. वित्त सचिवांनी महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत आणि व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन यांच्याशी बोलणे केले आणि व्यवहार झाला. कामत स्वतः सनदी सेवेतून आलेले. सेवेतल्या वरिष्ठाने ‘हे करावे’ असे सांगितले, तर तो सल्ला मानायचा की हुकूम, हे ठरवायला अशा माणसापाशी फारशी मोकळीक नसते.

संसदेत प्रश्न आला तो सप्टेंबर 1957 मध्ये, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा. वित्तमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या खात्याची उत्तरे अशी होती की ऐकणाऱ्याला हा महामंडळाचा स्वतःचा व्यापारी निर्णय वाटावा. 16 डिसेंबरला रायबरेलीचे काँग्रेस खासदार फिरोज गांधी यांनी चर्चा उपस्थित केली. सत्ताधारी पक्षाचा सदस्य, त्यातही पंतप्रधानांचा जावई, हाती कागद घेऊन उभा राहिला आणि तारखा व बाजारभाव समोर ठेवून त्याने दाखवले की महामंडळाने चालू भावापेक्षा जास्त पैसे मोजले होते. आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला धारेवर धरताना त्यांनी हाताळलेला मुद्दा नेमका होता: निर्णय कोणाचा? महामंडळाचा असेल तर समितीला का विचारले नाही, आणि सरकारचा असेल तर निर्देश कुठे आहे?

जानेवारी 1958 मध्ये चौकशी आयोग अधिनियम, 1952 खाली एकसदस्य आयोग नेमला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्याकडे काम आले. महान्यायवादी एम. सी. सेटलवाड आयोगापुढे उभे राहिले. छागलांनी सुनावणी मुंबईत आणि जाहीरपणे घेतली. गर्दी एवढी झाली की बाहेरच्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. 10 फेब्रुवारीला अहवाल सादर झाला. आजच्या आयोगांची मुदतवाढ पाहता हा वेग अविश्वसनीय वाटतो, पण त्या वेगाचे एक साधे कारण होते. छागलांनी मुंद्रांचे सगळे उद्योग तपासायला घेतले नाहीत. हा एक व्यवहार कोणी, कसा आणि कोणत्या अधिकाराने केला, एवढ्यापुरतेच ते राहिले.

करार तुटला तो याच सुनावणीत. 1952 च्या अधिनियमाने आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे साक्षीदार बोलावण्याचे, शपथेवर तपासण्याचे आणि कागद मागवण्याचे अधिकार दिले आहेत. अशा खोलीत मंत्री आणि सचिव दोघेही साक्षीदार असतात, आणि दोघांच्या शपथेचे वजन सारखेच असते. पटेलांची बाजू अशी होती की मंत्र्यांना कल्पना दिली होती आणि त्यांची संमती होती. कृष्णम्माचारींची बाजू अशी की आपण या सौद्याला मान्यता दिली नव्हती. संभाषण तोंडी, साक्षीदार तेच दोघे, फाइलवर त्या क्षणाचा शेरा नाही. भारताच्या सर्वात ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यांपैकी एक आणि त्याचा मंत्री भरगच्च सभागृहात एकमेकांचे म्हणणे खोडत होते. गप्प राहायचे आणि त्या बदल्यात झाकले जायचे ही सोय तिथे दोघांनाही उरली नाही.

छागलांनी हा पेच कसा सोडवला ते बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्यांनी दोन वेगळे प्रश्न वेगळेच ठेवले. पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा: मंत्र्याला माहीत होते का? पुराव्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की मंत्र्यांना कल्पना होती, आणि कळल्यानंतर त्यांनी व्यवहार नाकारला नाही किंवा रद्द करायला पाऊल उचलले नाही. दुसरा प्रश्न तत्त्वाचा: माहीत नसते तर काय फरक पडला असता? त्यांचे उत्तर असे की मंत्र्याला आपल्या क्षेत्रात पूर्ण अधिकार आहे, आणि त्याच अधिकाराची दुसरी बाजू म्हणजे हाताखालच्यांच्या कृत्यांची पूर्ण जबाबदारी. आधुनिक कारभारात प्रत्येक फाइल मंत्री पाहू शकत नाही, हे ओझे जड आहे, हे त्यांनी मान्य केले. तरीही मंत्र्याने अधिकाऱ्याच्या आड लपू नये आणि त्याचे कृत्य झटकूनही टाकू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

दुसरे उत्तर कितपत टिकते हे पाहण्यासाठी चार वर्षे मागे, ब्रिटनमध्ये जावे लागते. डॉर्सेट परगण्यातील क्रिचेल डाउन नावाची सुमारे 725 एकर जमीन युद्धापूर्वी विमानदलाच्या बॉम्बसरावासाठी सरकारने घेतली होती. पुढे ती मूळ मालकाच्या वारसांना परत द्यायचे नाकारताना अधिकाऱ्यांनी मनमानी केली, असे चौकशीत निघाले. जुलै 1954 मध्ये कृषिमंत्री सर थॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला. या प्रकरणावर संसदेत झालेल्या चर्चेत गृहमंत्री सर डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांनी चार स्थिती वेगळ्या करून मांडल्या. अधिकाऱ्याने मंत्र्याचा स्पष्ट हुकूम पाळला असेल, तर मंत्र्याने त्याचे रक्षण केलेच पाहिजे. मंत्र्याने आखलेल्या धोरणाप्रमाणे योग्य वागला असेल, तरीही केलेच पाहिजे. अधिकाऱ्याकडून चूक किंवा दिरंगाई झाली, पण ती धोरणाच्या महत्त्वाच्या मुद्द्याबद्दलची नसेल आणि कोणाच्या हक्कांना गंभीर धक्का बसला नसेल, तर मंत्र्याने चूक आपली म्हणून स्वीकारावी, खात्यात दुरुस्ती करीन असे सांगावे आणि अधिकाऱ्याला जाहीर टीकेपुढे उघडे टाकू नये. चौथी स्थिती अशी की अधिकाऱ्याने निंद्य काम केले, मंत्र्याला ते पसंत नव्हते आणि आधी ठाऊकही नव्हते. तेव्हा मंत्र्याने त्याचे समर्थन करण्याची गरज नाही. पण काहीतरी बिघडले याबद्दल संसदेला हिशेब देण्याचे कर्तव्य त्याचेच, कारण ते दुसरे कोणी देऊ शकत नाही.

आता मुंद्रा व्यवहार या चार खणांत ठेवून पाहा. पटेलांचे म्हणणे खरे मानले तर तो पहिल्या किंवा दुसऱ्या खणात पडतो आणि मंत्र्याने सचिवाचे रक्षण करायला हवे होते. कृष्णम्माचारींचे म्हणणे खरे मानले तर तो चौथ्या खणात जातो. मग मंत्री सचिवाचे समर्थन करायला बांधील नाही, पण सप्टेंबर आणि नोव्हेंबरमधली संसदेतली उत्तरे चुकलेली ठरतात. माझ्या खात्याच्या सचिवाने माझ्या परवानगीविना हे घडवले, असे त्यांनी पहिल्याच उत्तरात सांगायला हवे होते. मंत्र्याची बाजू खरी धरली तरी चौथ्या खणातले हिशेब देण्याचे कर्तव्य पाळले गेले नाही. संसदेला लवकरात लवकर विश्वासात घ्यावे, असे छागलांनी आपल्या तत्त्वांत मुद्दाम घातले, त्याचे मूळ इथे आहे. माझ्या मते कृष्णम्माचारींविरुद्धचा सर्वात भक्कम मुद्दा हाच आहे. जूनमध्ये त्या दोघांत नेमके काय बोलणे झाले, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम ठरतो. त्याचे उत्तर कधी पक्के मिळणारही नव्हते. संसदेत काय सांगितले गेले, ते मात्र छापील कार्यवृत्तात आहे.

एक अडचण राहते, आणि ती या चार खणांच्या रचनेतलीच आहे. व्यवहार कोणत्या खणात बसतो हे ठरवायला मंत्र्याला काय ठाऊक होते हे कळावे लागते. ते बाहेरच्यांना कळायचे तर फाइल उघडावी लागते आणि अधिकाऱ्याला बोलावे लागते. तो बोलला की अनामता संपली. म्हणजे मंत्र्याची जबाबदारी अचूक मोजायची, तर जिच्या भरवशावर ती जबाबदारी उभी आहे ती गोष्ट आधी मोडावी लागते. म्हणूनच जुना संकेत मोजमापात पडत नसे. मंत्र्याला माहीत असो वा नसो, उत्तर त्याचेच, असे म्हणून तो हा प्रश्नच टाळत असे. छागलांचे तत्त्व त्या जुन्या संकेताशी सुसंगत आहे, त्यांची कार्यपद्धती मात्र नव्हती. मंत्री तसाही जबाबदार असेल तर सचिवाला जाहीर सुनावणीत तासन्‌तास उभे करण्याचे तात्त्विक कारण कमकुवत होते. ते केले गेले कारण लोकांना आणि संसदेला वस्तुस्थिती हवी होती, आणि ती मागणी चुकीची म्हणता येणार नाही.

याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली गेली. कृष्णम्माचारींनी फेब्रुवारी 1958 मध्ये पद सोडले. राजीनामा स्वीकारताना पंतप्रधान नेहरूंनी त्यांना कळवले की या प्रकरणात तुमचा भाग अगदी थोडा होता, अशी आपली खात्री आहे. चांगुलपणाने लिहिलेले हे वाक्य जबाबदारीच्या कल्पनेला मात्र गुंतागुंतीत टाकते. भाग थोडा असूनही मंत्री गेला, हे संकेताचे यश म्हणता येईल. पण मंत्र्याचा भाग थोडा, असे पंतप्रधानच म्हणतात तेव्हा मोठा भाग कोणाचा हे न बोलताच सांगितले जाते, आणि ज्याच्याकडे बोट जाते त्याला उत्तर देता येत नाही. अर्थसंकल्प तोंडावर असल्याने 28 फेब्रुवारीला तो नेहरूंनीच मांडला. पुढे कृष्णम्माचारी 1962 मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि 1963 मध्ये पुन्हा वित्तमंत्री झाले. हे परतणेही संकेताला धरूनच आहे. वैयक्तिक गैरकृत्यासाठी नव्हे, तर खात्याच्या चुकीसाठी गेलेल्या मंत्र्याचे राजकीय आयुष्य तिथे संपत नाही. डगडेल यांनाही नंतर उमरावपद मिळाले.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत गोष्ट लांबली. छागला अहवाल हा शिस्तभंगाचा निकाल नव्हता. आयोग फक्त वस्तुस्थिती नोंदवतो आणि त्यावरून थेट कोणाला शिक्षा करता येत नाही. म्हणून सरकारने न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या अध्यक्षतेखाली वेगळे चौकशी मंडळ नेमले. मंडळाच्या निष्कर्षानंतर, कलम 320 प्रमाणे शिस्तभंगाच्या बाबतीत आवश्यक म्हणून, संघ लोकसेवा आयोगाचे मत घेतले गेले. मंत्र्याचा हिशेब काही दिवसांत मिटला, पण सचिवाची चौकशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली. पटेल सचिवालयाच्या जुन्या खुर्चीत परतले नाहीत. ते राजकारणात गेले आणि 1977 मध्ये मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात स्वतःच वित्तमंत्री झाले. ज्या पदाच्या सावलीत ते झाकले जायला हवे होते, त्याच पदावर वीस वर्षांनी ते बसले. कल्पित कथेत असे लिहिले तर संपादक काटून टाकेल.

कारभाराच्या पातळीवर प्रकरणातून शिकण्यासारखी गोष्ट एकाच ठिकाणी एकवटते: तोंडी सूचना. छागलांनी सांगितले की सरकारने स्वायत्त महामंडळांच्या कामात ढवळाढवळ करू नये, आणि करायचीच असेल तर लेखी निर्देश द्यावेत. महामंडळात गेलेल्या सनदी अधिकाऱ्याची निष्ठा महामंडळाशी असावी, मंत्रालयातल्या वरिष्ठांशी नव्हे, हेही त्यांनी घातले. पहिली सूचना कायद्यात आधीच होती. दुसरी नियम करून आणता येत नाही, कारण त्याच अधिकाऱ्याची पुढची बदली आणि बढती मंत्रालयच ठरवणार असते.

नंतरच्या सेवानियमांत ही गोष्ट उतरली. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 आणि अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, 1968 या दोन्हींच्या नियम 3 मध्ये म्हटले आहे की वरिष्ठाचा निर्देश सामान्यतः लेखी असावा, तोंडी द्यावा लागला तर वरिष्ठाने लगेच लेखी दुजोरा द्यावा, आणि कनिष्ठाने तो दुजोरा मागून घ्यावा. प्रत्यक्षात हे असे चालते. वरिष्ठ फोनवर सांगतो. सावध अधिकारी त्याच दिवशी टिपण लिहितो, ‘आज अमुक वाजता झालेल्या चर्चेनुसार’ असा उल्लेख करून निर्देशाचा मजकूर त्यात घालतो आणि फाइल पुष्टीसाठी वर पाठवतो. वर तीन शक्यता असतात. वरिष्ठ सही करतो, मग जबाबदारी जिथली तिथे बसते. किंवा ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाइल परत येते. अनुभवी माणसाला यावरून कळते की वरच्याला हे कागदावर नको आहे. किंवा फाइल वरच पडून राहते आणि काम मात्र ‘करा’ म्हणून पुन्हा फोन येतो. तिसऱ्या स्थितीत अधिकारी दुजोऱ्याशिवाय पुढे गेला, तर तो 1957 च्या जूनमध्येच उभा असतो. खबरदारी एवढीच की असे टिपण घटनेच्या दिवसाचे हवे. प्रश्न संसदेत आल्यानंतर मागच्या तारखेची आठवण म्हणून लिहिलेला कागद साक्षीत टिकत नाही, उलट संशय वाढवतो.

लोकलेखा समितीत जुन्या व्यवस्थेचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालावर ही समिती खात्याच्या सचिवाची साक्ष घेते, मंत्र्याला बोलावत नाही. म्हणजे पैशाच्या हिशेबापुरता सचिव स्वतःच उत्तर देतो. तरी अहवालाच्या मजकुरात सहसा ‘मंत्रालयाच्या सचिवांनी साक्षीत सांगितले’ असे लिहिले जाते. व्यक्तीचे नाव बैठकीच्या कार्यवृत्तातच सापडते. उत्तर द्यायचे पदाने, व्यक्तीने नव्हे, हा त्यामागचा विचार आहे, आणि मला तो जाहीर सुनावणीपेक्षा अधिक शहाणा वाटतो. धोरण का घेतले हा प्रश्न समिती सचिवाला विचारत नाही. तो मंत्र्यासाठी राखून ठेवलेला असतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 आल्यावर फाइलवरची टिपणेही, कायद्यातले अपवाद सोडता, मागवता येऊ लागली. कोणत्या अधिकाऱ्याने काय लिहिले, कोणी विरोध नोंदवला, कोणी नुसती सही केली, हे आता नागरिक वाचू शकतो. टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात 31 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सनदी अधिकाऱ्यांनी केवळ तोंडी निर्देशांवर काम करू नये असे सांगितले. त्याचे एक कारण न्यायालयाने माहिती अधिकारातूनच काढले: तोंडी निर्देशांची नोंदच होत नसेल तर नागरिकाने मागायची माहिती अस्तित्वातच येत नाही. नोंद झाली की मंत्र्याला सचिवाच्या आड लपता येत नाही. पण त्याच नोंदीवर सचिवाचे नावही असते आणि ती दहा रुपयांच्या अर्जावर बाहेर येऊ शकते. म्हणून आता अनेक टिपणांत मत कमी आणि नियमांचे उतारे जास्त दिसतात. ‘सक्षम प्राधिकाऱ्याने निर्णय घ्यावा’ हे शेवटचे वाक्य तर जवळपास छापील झाले आहे.